भातापुढचा आकडा

मधुमेहाचं निदान झालं की गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक आहारतक्ताही हातात पडतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिका झालेला तो कागद घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर चिकटतो. पदार्थांच्या नावांपुढे एका रकान्यात ‘जीआय’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली आकडे. ५५ पर्यंत कमी म्हणजे हिरवा, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि वर जास्त म्हणजे लाल. कोकणातल्या घरात नजर पहिली जाते ती भातावर, आणि तिथे ७२ किंवा ७३ दिसलं की घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरते. मग बाकीचा कागद वाचताना गोंधळ वाढतच जातो. कलिंगड लाल रकान्यात, हापूस मात्र हिरव्यात. साखर ६५, म्हणजे भातापेक्षा खाली! आणि बांगड्यापुढे तर नुसती आडवी रेघ.

हे सगळं खरंच आहे, आणि त्यात विसंगती काहीच नाही. फक्त तो आकडा कसा काढतात हे तक्त्यावर कुणी छापत नाही.

१९८१ साली टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली. साधारण दहा निरोगी माणसं रात्रभर उपाशी ठेवायची. सकाळी त्यांना एखादा पदार्थ इतका खायला द्यायचा, की त्यातून पचणारे कर्बोदक बरोबर ५० ग्रॅम पोटात जाईल. पुढचे दोन तास, आधी दर पंधरा मिनिटांनी आणि मग अर्ध्या तासाने, बोटातून रक्त घेऊन साखर मोजायची. उपाशीपोटीच्या रेषेच्या वर आलेख जेवढी जागा व्यापतो, ते क्षेत्रफळ काढायचं. त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून तेच करायचं. ग्लुकोजचं क्षेत्रफळ १०० धरलं तर या पदार्थाचं किती, हा झाला ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजेच तक्त्यावरचा जीआय. तेव्हा ७२ म्हणजे साखर ७२ ने वाढणार असं नव्हे, जरी पुष्कळ लोक तो तसाच वाचतात.

कळीची गोष्ट ते ५० ग्रॅम. शिजलेल्या भातातून तेवढं कर्बोदक मिळायला पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम भात पुरतो, म्हणजे दोन वाट्यांनाही थोडा कमी. कलिंगडातून मिळवायचं तर साडेसहाशे ग्रॅमच्या वर नुसता गर खावा लागेल. तेवढं एका बैठकीत कोण खातो? दोन फोडी खाणाऱ्याच्या पोटात जेमतेम १२-१५ ग्रॅम जातं आणि लाल रकान्याला फारसा अर्थ उरत नाही. बांगड्यात कर्बोदकच नाही, त्यामुळे त्याचा आकडा काढताच येत नाही. रेघ म्हणजे बंदी नव्हे. बांगडा तळताना लावलेला रवा किंवा तांदळाचं पीठ मात्र हिशेबात धरायचं. साखरेचा आकडा कमी दिसतो कारण तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज रक्तातली साखर फारशी वाढवत नाही. ते यकृताकडे जातं आणि तिथे त्याचे वेगळे उपद्व्याप असतात. साखर हिरव्याच्या जवळ आहे म्हणून चहात घालणारा माणूस कागद बरोबर वाचतो आणि चुकीचं वागतो.

आता उकड्या तांदळाकडे येऊ, कारण सिंधुदुर्गातल्या घरांत खरी गफलत तिथे होते. तक्त्यावर सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा उकड्याचा आकडा कमी असतो आणि तो योग्यच आहे. भात सालीसकट भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग सडतात. उकडताना दाण्यातला स्टार्च फुगतो, वाळताना पुन्हा घट्ट बांधला जातो. असा दाणा शिजायला वेळ घेतो आणि पचायलाही.

समजा मालवणकडचे एक साठीचे आबा आहेत. ‘माका भात सोडूक जमाचा नाय’ हे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून टाकलेलं. दुपारी ते सुरय तांदळाचा तीन वाट्या भात खात. मुलीने तक्ता वाचला आणि उकडे तांदूळ आणले. आबांना वाटलं, चला, सूट मिळाली, आणि वाट्या चार झाल्या. घरातली मध्यम वाटी सपाट भरली तर १०० ग्रॅमच्या आसपास भात बसतो आणि त्यात साधारण २८ ग्रॅम कर्बोदक असतं. तीन वाट्यांचं झालं ८४ ग्रॅम. त्याला ७२ ने गुणून १०० ने भागलं की ६० येतात. चार वाट्या उकड्याचं कर्बोदक ११२ ग्रॅम. तक्त्यावरचा आकडा ५६ धरला तर उत्तर ६३. तांदूळ बदलला, पैसे जास्त गेले आणि भार तीनाने वाढला. याच गुणाकाराला ग्लायसेमिक लोड म्हणतात, आणि छापील तक्त्यावर तो क्वचितच सापडतो. एका पदार्थाच्या एका वाढीत तो १० पर्यंत असेल तर कमी, २० च्या वर गेला तर जास्त धरतात. आबांनी उकड्याच्या दोनच वाट्या घेतल्या तर तो ३१ वर येतो. अजून जास्तच, पण आधीच्या निम्मा. आकड्याने थोडं काम केलं, वाटीने बरंच. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तरी भात ताटात वाढण्याआधी वाटीने मोजावा. डावाने वाढलेला भात नेहमी जास्तच असतो.

पेजेचं गणित याच्या उलटं. तांदूळ उकडाच, पण फुटेपर्यंत, मऊ होईपर्यंत शिजवलेला. उकडताना दाण्याने जे कमावलं ते बरंचसं चुलीवर गेलं, आणि पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतो. म्हणजे पेजेचा आकडा त्याच तांदळाच्या मोकळ्या भातापेक्षा वर असणार. पण एका वाडग्यात कोरडे तांदूळ असतात जेमतेम ३० ग्रॅम, कर्बोदक २३ ग्रॅम. आकडा अगदी ८० धरला तरी भार १८-१९. आकड्याने वाईट, मापाने बरी! तिची खरी अडचण वेगळी आहे. पेजेबरोबर नुसतं लोणचं असतं, ती झरझर उतरते, अकरा वाजता भूक लागते आणि मग चहाबरोबर खारी येते. त्याऐवजी पेजेबरोबर चवळीची किंवा मुगाची उसळ, अंडं, नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर घ्यावी. रक्तदाब असेल तर किसमूर बेताने, कारण तिच्यात मीठ बरंच.

दाण्याचा आकार मोडला की आकडा चढतो, हा नियम भाकरी आणि घावन्यांनाही लागू आहे. नाचणीचंही तसंच. तिच्यात कॅल्शियम आणि तंतू चांगले, पण बारीक पीठ पाण्यात शिजवून केलेलं आंबील पिऊन ‘नाचणी आहे, चालतंय’ म्हणणं धाडसाचं. भाकरी चावावी लागते, आंबील नाही.

ताटात भात एकटा नसतो, ही कोकणी जेवणाची मोठी जमेची बाजू. मोजणी नुसत्या भातावर होते. खाताना मात्र नारळाचं वाटण घातलेलं कालवण येतं, माशाची तुकडी येते, कुळथाची पिठी येते, शेवटी सोलकढी. नारळातली चरबी आणि माशातली प्रथिनं जठर हळू रिकामं करतात, आंबटपणाही थोडी मदत करतो. आधी भाजी आणि मासा, भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची चढण कमी होते. पण चरबी ही चढण पुढेही ढकलते. रस्सा भरपूर घट्ट असेल तर दोन तासांनी ग्लुकोमीटर छान आकडा दाखवतो आणि साखर तिसऱ्या-चौथ्या तासाला वर येते. अशा जेवणानंतर एखादे वेळी चौथ्या तासालाही बोट टोचून पाहावं.

हापूसचं थोडक्यात. मध्यम फळाचा गर दीडशे ग्रॅम, कर्बोदक २२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीभर भाताला किंचित कमी. आकडा पन्नाशीच्या जवळपास असल्याने भार ११ पडतो. एक आंबा, फोडी करून, आणि त्या जेवणात भाताची एक वाटी कमी, असा बदल करता येतो. वाटीभर आमरसात मात्र दोन आंबे सहज जातात आणि शेजारी पुऱ्या असतात.

तक्त्यावरचा आकडा दहा निरोगी माणसांची सरासरी आहे आणि तोच पदार्थ त्याच माणसाला वेगळ्या दिवशी वेगळा वागतो. आपला आकडा आपणच काढायचा तर पहिल्या घासाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर मोजावी. जेवण संपल्यापासून मोजलं की हिशेब चुकतो. दोन वेगळ्या दिवशी तेच ताट ठेवून एकच गोष्ट बदलावी, तांदूळ किंवा वाट्या, दोन्ही नव्हे. त्या दिवसांत जेवणानंतरची फेरी आणि गोळ्यांची वेळ सारखी ठेवावी. फरक २०-२५ चा आला तर तो मोजणीच्या चढउतारातलाही असू शकतो, म्हणून दोन-तीनदा पाहूनच मत बनवावं.

एक प्रसंग असा आहे की तिथे हा तक्ता उलटा वाचावा लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकलं, हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला आणि मीटरने ७० च्या खाली दाखवलं, तर लाल रकान्याच्याही वरचा पदार्थ हवा. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी. आंबा, दूध, चॉकलेट यांची वाट पाहू नये, ती हळू चढतात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीच घालू नये, थेट दवाखाना गाठावा. गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखरही अशा वेळी भरवशाची नाही, कारण ही औषधं आतड्यात साखर फोडण्याचं कामच मंदावून ठेवतात. ग्लुकोजला फोडावं लागत नाही, म्हणून अशा घरात ग्लुकोजचाच डबा हवा. कोकणातल्या दमट हवेत पावडरीचा दगड होतो, म्हणून झाकण घट्ट लावून ठेवावं आणि महिन्यातून एकदा चमचा घालून पाहावं.