जॅकेटवरची माणसे : नोंद सातवी, ‘आपल्या वडिलांचे छायाचित्र’

जॅकेटवर छायाचित्र असलेल्या मराठी पुस्तकांची आणि त्या छायाचित्रांतील माणसे कोण याची माझी वही गेल्या नोंदीपासून फारशी पुढे सरकलेली नाही. या तीन महिन्यांत एकच छायाचित्र निकाली निघाले. त्याचा निकाल ऋणनिर्देशातल्या एका सर्वनामावर लागला, आणि त्या सर्वनामाचा अर्थ फ्लॅपवरच्या पाच शब्दांनी ठरवला. म्हणून ही नोंद जवळजवळ पूर्णपणे त्या एका पुस्तकाविषयीच आहे. छायाचित्रातील गृहस्थ आणि त्यांचे कुटुंबीय खासगी माणसे असल्यामुळे पुस्तकाचे आणि त्यांचे नाव मी इथे देत नाही.

पुस्तक म्हणजे एका लेखिकेच्या कोकणातील बालपणाच्या आठवणी. प्रथमावृत्ती १९७८ची, आणि माझ्याकडची प्रत १९८६च्या दुसऱ्या आवृत्तीची. जॅकेटच्या पुढच्या बाजूला चिऱ्याच्या भिंतीपाशी सायकल धरून उभे असलेले एक गृहस्थ आहेत. डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट. मलपृष्ठावर लेखिकेचे स्वतःचे छायाचित्र आहे. पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग लेखिकेच्या वडिलांविषयी आहे आणि ते गावच्या शाळेत शिक्षक होते. आपल्यापैकी तिघांना मी हे जॅकेट दाखवले, तेव्हा तिघांनीही पुढच्या आणि मागच्या छायाचित्रांकडे आळीपाळीने पाहून ‘नाक तेच आहे, हे वडीलच’ असे सांगितले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. परंतु वहीत नाव लिहिण्यासाठी छापील वाक्य हवे, हा नियम आपण घालून घेतला आहे. नाक हे वाक्य नव्हे. शिवाय ज्या पुस्तकात वडील पानोपानी भेटतात, त्याच्या जॅकेटवरचा कोणताही प्रौढ पुरुष वाचकाला वडिलांसारखाच दिसणार. साम्य आपल्याला आधी ठाऊक असलेल्या उत्तराकडे धावते.

सुरुवात नेहमीप्रमाणे जॅकेट त्याच प्रतीचे आहे का, हे पाहण्यापासून केली. जुन्या बाजारात चांगल्या प्रतीवर दुसऱ्याच आवृत्तीचे जॅकेट चढवलेले असणे ही नवलाची गोष्ट नाही. फ्लॅपच्या खालच्या कोपऱ्यातील किंमत आणि आतल्या प्रकाशन-तपशिलाच्या पानावरील किंमत जुळवून पाहणे ही त्यासाठी सर्वांत सोपी कसोटी आहे. इथे दोन्ही किमती जुळल्या. घड्यांवरचा पिवळेपणाही बांधणीच्या कडेशी जुळत होता, तरी त्यावर मी फार विसंबत नाही.

त्यानंतर तपशिलाचे पान. त्यावर ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे एका चित्रकाराचे नाव होते आणि त्याखाली नुसते ‘छायाचित्र’ लिहून दुसरे एक नाव होते. या नुसत्या ‘छायाचित्र’ शब्दाने आपली अनेकदा फसगत केली आहे. त्यापुढचे नाव छायाचित्र काढणाऱ्याचे असू शकते, ज्यांच्या संग्रहातून ते मिळाले त्यांचे असू शकते, आणि क्वचित छायाचित्रात दिसणाऱ्या व्यक्तीचेही असू शकते. ‘छायाचित्रकार’ किंवा ‘छायाचित्र सौजन्य’ असे स्पष्ट लिहिले असते, तर एक प्रश्न तरी संपला असता. वहीच्या पहिल्या वर्षात मी अशी दोन नावे सरळ ‘छायाचित्रातील व्यक्ती’ या रकान्यात लिहून टाकली होती आणि नंतर ती खोडावी लागली. म्हणून आता असे नाव मी वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि ते पुस्तकात आणखी कुठे येते ते शोधतो. या पुस्तकात ते नाव ऋणनिर्देशात पुन्हा आले.

ऋणनिर्देशाच्या शेवटून दुसऱ्या वाक्याचा मजकूर असा होता : मुखपृष्ठासाठी आपल्या वडिलांचे छायाचित्र वापरू दिल्याबद्दल अमुक यांची मी ऋणी आहे. ‘अमुक’च्या जागी तेच नाव होते. म्हणजे ते छायाचित्रकाराचे नाव नव्हते, छायाचित्र देणाऱ्याचे होते, एवढे तत्काळ कळले. पण ‘आपल्या वडिलांचे’ म्हणजे कोणाच्या वडिलांचे? मराठीत ‘आपला’ हा शब्द सहसा त्या क्रियेच्या कर्त्याकडे वळतो. वापरू देण्याची क्रिया त्या गृहस्थांची आहे, तेव्हा वडीलही त्यांचेच. लेखिकेला स्वतःचे वडील अभिप्रेत असते तर तिने ‘माझ्या वडिलांचे’ असे लिहिले असते. मात्र ‘आपला’ हा शब्द बोलणाऱ्याला आणि समोरच्याला एकत्र घेऊनही येतो. छायाचित्र देणारा लेखिकेचा भाऊ असेल, तर ‘आपल्या वडिलांचे’ म्हणजे ‘आम्हा दोघांच्या वडिलांचे’ असा अर्थ सहज निघतो, आणि मग नाकावरून काढलेला निष्कर्षच बरोबर ठरतो. आडनाव वेगळे होते, पण लेखिका विवाहित असल्यामुळे त्यावरून भावाची शक्यता संपत नव्हती. माहेरचे आडनाव पुस्तकात मला कुठे सापडले नव्हते.

इथे मी अडलो आणि जवळजवळ पंधरा दिवस वाक्य तसेच ठेवून दिले. उत्तर सुरुवातीपासून माझ्या हातात होते. पुढच्या फ्लॅपवर पुस्तकाचा परिचय असतो आणि मागच्या फ्लॅपवर लेखकाचा; छायाचित्राची माहिती पुढच्या फ्लॅपवर असेल या समजुतीने मी मागचा फ्लॅप वरवर वाचून सोडला होता. त्या मजकुरात लेखिकेचा परिचय ‘शिक्षक वडिलांची एकुलती एक मुलगी’ असा सुरू होतो. एकुलत्या एका मुलीला भाऊ नसतो. चुलत किंवा मामेभावाला भाऊ म्हणता येते, पण त्याचे आणि तिचे वडील एक नसतात. म्हणून ऋणनिर्देशातले ‘आपल्या’ छायाचित्र देणाऱ्याकडेच जाते, आणि सायकल धरून उभे असलेले गृहस्थ लेखिकेचे वडील नव्हेत, हे निश्चित झाले.

मग ते कोण? त्या आडनावाची एकच व्यक्ती पुस्तकात येते. शाळेतील दुसरे शिक्षक, ज्यांच्यावर पाचवे प्रकरण आहे आणि ज्यांचा मुलगा लेखिकेच्या वर्गात होता. पुढच्या फ्लॅपवरच्या परिचयातही ‘दोन शिक्षकांची शाळा’ असे शब्द आहेत, ज्यांकडे मी तोवर लक्ष दिले नव्हते. सायकलीचा उल्लेख त्या प्रकरणात आहे. पण तो मी पुराव्यात धरला नाही, कारण तसा आधार घेणे म्हणजे मागच्या दाराने पुन्हा साम्यच आत घेणे होय. सायकल त्या काळी कोणाकडेही असू शकत होती आणि छायाचित्र काढताना ती दुसऱ्याची धरूनही माणसे उभी राहत.

तरीही वहीत ‘नक्की’ असे लिहिण्याआधी एक अडचण उरली होती. ऋणनिर्देशाच्या शेवटी तारीख १९७८ची होती आणि माझे जॅकेट १९८६चे. दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलले जाते आणि ऋणनिर्देश मात्र पहिल्या आवृत्तीचा जसाच्या तसा पुन्हा छापला जातो, असे अनेकदा घडते. तसे इथे झाले असेल, तर ते वाक्य दुसऱ्याच छायाचित्राविषयी असणार. पहिल्या आवृत्तीची प्रत एका ग्रंथालयात होती, परंतु तिची पुन्हा बांधणी झाली होती आणि जॅकेट केव्हाच गेले होते. ग्रंथालयांच्या प्रतींत हे नेहमीचेच आहे. कित्येक ठिकाणी जॅकेट नोंदणीच्या वेळीच काढून टाकतात, किंवा फ्लॅप पुठ्ठ्याला चिकटवून त्यावर तारखांचा कागद लावतात, आणि आपल्याला हवा असलेला मजकूर नेमका त्या कागदाखाली जातो.

अखेर सोलापूरच्या एका संग्राहक मित्राकडे जॅकेटसह पहिली आवृत्ती निघाली. त्याने पुढची बाजू, मागची बाजू, दोन्ही फ्लॅप आणि तपशिलाचे पान, अशी पाचही छायाचित्रे पाठवली. पहिल्या आवृत्तीवरही हेच छायाचित्र आहे, फक्त डावीकडे अधिक रुंद. त्यात भिंतीच्या कडेला शाळेच्या पाटीची तीन अक्षरे दिसतात. दुसऱ्या आवृत्तीत कडा कापून गृहस्थांना मध्यभागी आणले आहे. आता वाक्य आणि छायाचित्र एकाच आवृत्तीत एकत्र आले, आणि मी नोंद ‘नक्की’च्या रकान्यात हलवली. रकान्यात नावापुढे ऋणनिर्देशातले वाक्य आणि मागच्या फ्लॅपवरचे ते पाच शब्द पूर्ण उतरवले आहेत, म्हणजे माझा अर्थ कोणाला चुकीचा वाटला, तर मूळ शब्द समोर असतील.

कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र ही रीत फार जपून वापरावी लागते, आणि हे मला एका परदेशी पुस्तकाने शिकवले. डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांच्या २००१ सालच्या ‘ऑस्टरलिट्झ’ या कादंबरीच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या पोशाखातला एक लहान मुलगा आहे. तेच छायाचित्र आतही येते, आणि तिथे तो मुलगा म्हणजे बालपणीचा नायक असे कथा सांगते. छापील वाक्य इथे आहे, पण ते कादंबरीतले वाक्य आहे. त्यावरून छायाचित्रातला खरा मुलगा कळत नाही. समीक्षक जेम्स वुड यांनी जर्मनीतील मारबाख येथील साहित्य-संग्रहालयात सेबाल्ड यांच्या कागदपत्रांत त्या छायाचित्राचे मूळ पोस्टकार्ड पाहिले. नाव मिळेल या आशेने त्यांनी ते उलटले, तर मागे शाईने एका इंग्लिश गावाचे नाव आणि किंमत एवढेच लिहिलेले होते : स्टॉकपोर्ट, ३० पेन्स. माझ्या वहीत हे पुस्तक असते, तर त्या मुलाच्या रकान्यात मी ‘अनिर्णित’ लिहिले असते. म्हणून कथात्म पुस्तकांच्या बाबतीत मी फक्त फ्लॅप, तपशिलाचे पान आणि लेखकाने स्वतःच्या नावाने लिहिलेले मनोगत एवढेच ग्राह्य धरतो. निवेदकाने सांगितलेले धरत नाही.

या हिशेबाने मागच्या नोंदीतील एक निष्कर्ष मला मागे घ्यावा लागत आहे. विदर्भातील एका कथासंग्रहाच्या जॅकेटवरील नऊवारीतील वृद्धा म्हणजे लेखकाची आजी, असे मी ‘संभाव्य’च्या रकान्यात लिहिले होते. त्याचा आधार होता शीर्षककथेतील आजीचे वर्णन, आणि त्या छायाचित्रात पदर उजव्या खांद्यावर दिसत असल्यामुळे ते छपाईत उलटे झाले आहे, हा माझा तर्क. उलट झाल्याचा तर्क अजूनही योग्य वाटतो, कारण नथही तिच्या उजव्या नाकपुडीत दिसते आहे. पण त्यातून ती बाई कोण हे काही कळत नाही. माझ्या प्रतीचा पुढचा फ्लॅप किंमत काढून टाकण्यासाठी खालच्या कोपऱ्यात तिरका कापलेला आहे आणि त्याबरोबर शेवटची दीड ओळ गेली आहे. उरलेल्या ओळीचा शेवट ‘मुखपृष्ठावरील छायाचित्र हे’ इथे होतो. ज्यांच्याकडे हा संग्रह न कापलेल्या फ्लॅपसह असेल, त्यांनी ती दीड ओळ मला जशीच्या तशी, विरामचिन्हांसह, उतरवून पाठवावी.