वर्गणी दुकानदाराची, कागदपत्रे आमची: मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या पर्सनल आणि फॅमिली योजनांचा माझा अनुभव

सीताबर्डीतील एका दुकानातून पत्नीसाठी लॅपटॉप घेतला, तेव्हा 'वर्षभराचे ऑफिस सोबत' असे बिलावर लिहून मिळाले होते. वर्ष संपल्यावर, ऐन सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तयार करण्याच्या दिवसांत, वर्डमध्ये फाइल उघडे आणि छापताही येई, परंतु एक अक्षरही बदलता येत नसे. नवी फाइलही सुरू होत नव्हती. त्याहून गंभीर म्हणजे तिच्या आउटलुकच्या पत्त्यावर मेल येणे-जाणे थांबले.

दुकानात विचारले तर "काका, नवीन वर्षाचे पैसे भरा," एवढेच उत्तर वारंवार मिळाले. मूळ वर्गणी कोणाच्या नावावर आहे, हे कोणी सांगेना. शेवटी account.microsoft.com/services हे पान पत्नीच्या खात्यातून उघडले, तेव्हा कळले की तिच्या नावावर वर्गणी कधी नव्हतीच. दुकानाने स्वतःच्या फॅमिली योजनेतील एक जागा आम्हाला विकली होती. ही योजना घरातील माणसांसाठी असते, आणि मुख्य खातेदाराने पैसे भरणे थांबवले की सर्व सदस्यांचे हक्क एकदमच संपतात. या प्रकाराचा राग अजूनही गेलेला नाही. लॅपटॉप घेतानाच हे पान उघडून वर्गणी स्वतःच्या नावावर आहे ना, हे अवश्य पाहावे.

मेल थांबण्याचे कारण साठवणुकीत होते. वर्गणी असताना तिला वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीत, १ टीबी जागा होती आणि फोनमधील छायाचित्रे तेथेच साठत गेली. वर्गणी संपताच मर्यादा मोफतच्या ५ जीबीवर आली आणि खाते भरलेले ठरले. अशा स्थितीत फाइल पाहता, उतरवता किंवा पुसता येतात, नवीन काही चढवता येत नाही आणि मेलही थांबतात. मात्र सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ असेच राहिल्यास फाइल पुसल्या जाऊ शकतात. म्हणून आम्ही सर्वप्रथम सारे काही बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. फाइलच्या नावाशेजारी निळा ढग दिसत असेल, तर ती लॅपटॉपवर नाही, केवळ ढगातच आहे, हे लक्षात ठेवावे. प्रश्नपत्रिकांचे काम तोवर ब्राउझरमधील मोफत वर्डवर भागले, पण त्यासाठीही वनड्राइव्हमध्ये जागा लागते, म्हणून तिला वेगळे खाते उघडून द्यावे लागले.

नंतर योजना निवडताना मी यंत्रे मोजली नाहीत. पर्सनलमध्येही एकच व्यक्ती एका वेळी पाच उपकरणांवर साइन-इन राहू शकते. फरक माणसांचा आहे: पर्सनलची १ टीबी जागा एकाच खात्याची, तर फॅमिलीत सहा जणांपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र १ टीबी मिळते आणि एकाच्या फाइल दुसऱ्याला दिसत नाहीत. पत्नी, मुलगी आणि मी असे तिघे असल्याने फॅमिली घेतली, या वेळी माझ्या नावावर. पत्नीने निमंत्रण तिच्या जुन्याच खात्यातून स्वीकारले, त्यामुळे जागेची मर्यादा पुन्हा वाढली आणि मेल सुरू झाले.