सीएंच्या पत्रातला मुद्दा क्रमांक दोन

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेड, संचालक आम्ही दोघे भाऊ. खरेदी सांभाळतो आमचा चुलतभाऊ आबा. मार्च ते मे शेतकरी दारात बी घेऊन येतात. आबा वजन करतो, पावती लिहितो आणि पेटीतून रोख देतो. वीस वर्षं असंच चाललंय.

ऑगस्टमध्ये ऑडिट उरकताना सीएंनी तीन पानी पत्र दिलं, 'मॅनेजमेंट लेटर'. मी घाबरून विचारलं, अहवालात शेरा मारला का? ते म्हणाले, "नाही. अहवाल भागधारकांसाठी, हे पत्र तुमच्यासाठी. हिशेब तपासताना व्यवस्थेत जे कच्चे दुवे दिसले ते लिहिलेत. सगळी व्यवस्था तपासून काढलेली यादी नाही ही." पत्रात चार रकाने होते: काय आढळलं, त्यातून काय होऊ शकतं, काय सुचवतो, आणि चौथा रिकामा, आमच्या उत्तरासाठी.

पहिला मुद्दा टॅलीचा. तिघांचा मिळून एकच पासवर्ड, त्यामुळे एडिट लॉग चालू असूनही बदल कोणी केला ते कळत नव्हतं. तो त्याच दिवशी मिटला.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र घरात आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. वजन, पावती आणि पैसे एकाच हाती. पावत्यांवर छापील क्रमांक नाही. आणि विकत घेतलेली बी व निघालेला गर यांचा ताळा कुणीच घालत नाही. आबाने पत्र वाचलं नि माझ्याकडे बघून म्हणाला, "माका चोर ठरवतंस काय रे?"

सीएंना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "पत्रात चोर हा शब्द कुठे आहे? एखादी चूक झाली तर ती पकडणारा दुसरा माणूस नाही, एवढंच लिहिलंय. आधी ताळा घालून बघा."

घातला. पावत्यांप्रमाणे ४०,००० किलो बी. आमच्याकडे गावठी आणि कलमी मिसळून येते, तिचा उतारा आमच्याच चाचण्यांत २६ टक्के. म्हणजे गर हवा १०,४०० किलो. निघाला ९,६००. आठशे किलो गर गेला कुठे? मला रात्री झोप आली नाही.

सकाळी बायकोने विचारलं, "उतारा वाळल्या बीचा ना? मग पावतीवरचं वजन कुठलं?" तिथेच गाडी अडली होती. पावतीवर आल्या दिवसाचं वजन, आणि नंतर ती बी खळ्यात वाळते. वाळवणीत ६ टक्के घट धरली तर बी उरते ३७,६०० आणि गर हवा ९,७७६. फरक १७६ किलो गरावर आला, म्हणजे खरेदीच्या वजनात साधारण ७२० किलो बी. १२० रुपये दराने ८६,४०० रुपये. पण ही ६ टक्के घटही अंदाजच, कारण वाळल्यावर वजन करून आम्ही कधी लिहिलंच नव्हतं.

उरलेल्याचा धागा सीएंच्याच एका ओळीत होता: 'तपासलेल्या बहुतेक पावत्यांवर वजन पाच किंवा दहाच्या पटीत आहे.' काटा असा कधी थांबतो का? आबाला विचारलं. तो जराही न बावरता म्हणाला, "त्रेचाळीस आठशे भरला, तर पंचेचाळीस लिवतंय. गरीब माणूस डोक्यार पोती घेऊन येता." हंगामात सहाशेच्या आसपास पावत्या. सव्वा किलोच्या आसपास जरी प्रत्येकीत वाढलं, तरी सातशे किलोंचा हिशेब लागतो. सिद्ध मात्र करता येत नाही; काट्याची नोंदच नाही.

सीए हसले नाहीत. म्हणाले, "शेतकऱ्याला द्यायचं तर दरात द्या, संचालकांनी ठरवून द्या. वजनात दिलं की चोरी आणि दया कागदावर सारखीच दिसते."

मग चौथा रकाना भरायला बसलो. त्यांची सूचना होती वेगळा स्टोअरकीपर नेमा. तीन महिन्यांच्या हंगामासाठी बारमाही पगार परवडत नाही, म्हणून 'अंशतः मान्य' लिहिलं आणि पर्याय दिला: वजन गोदामातली वंदनाताई करेल, काट्याची छापील चिठ्ठी पावतीला टाचायची, क्रमांक छापलेलं, तीन प्रतींचं पावतीपुस्तक आबाकडे, पाच हजारांवरची रक्कम थेट शेतकऱ्याच्या खात्यात, ती मी पाठवणार, वाळल्यावर पुन्हा वजन, आणि दर शनिवारी पेटीतली रोकड मोजायची. प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. सीएंनी पर्याय मान्य केला. फक्त 'लवकरच' लिहिलं होतं तिथे ते खोडून 'फेब्रुवारी अखेर, हंगामाआधी' लिहून घेतलं.

शनिवारी पेटी मोजायला आबा आता स्वतःच हाक मारतो. पहिल्या खेपेला ४० रुपये जास्त निघाले, त्याचा खुलासा अजून लागलेला नाही.