एक फोटो, दोन उत्तरं

मी सांगलीत गणिताच्या शिकवण्या घेते. अडलेल्या गणिताचे फोटो मुलं संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि मी लिहून किंवा बोलून उत्तर देते. गेल्या जुलैत एके दिवशी दहा मिनिटांच्या अंतराने एकच फोटो दोनदा आला. आधी चौथीतल्या मुलीकडून, आईच्या फोनवरून. मग बारावी सायन्सला असलेल्या तिच्या भावाकडून.

प्रश्न असा होता: घरामागे आयताकृती वाफा करायचा आहे, 20 मीटर जाळी आहे, सर्वांत जास्त क्षेत्रफळ मिळण्यासाठी लांबी-रुंदी किती घ्यावी?

धाकटीला मी लगेच आवाजी निरोप पाठवला, जवळजवळ दोन मिनिटांचा. परिमिती म्हणजे चारही बाजूंची बेरीज, ती 20, म्हणून लांबी अधिक रुंदी 10. मग 1 गुणिले 9 बरोबर 9, 2 गुणिले 8 बरोबर 16, असं करत 5 गुणिले 5 बरोबर 25. म्हणून चौरस सगळ्यांत मोठा. तिचं उत्तर आलं, “हो बाई.”

हे ‘हो बाई’ मला चांगलं ओळखीचं आहे. कळलेलं मूल पुढचं काहीतरी बोलतं, निदान “मग मी 5 लिहू?” तरी विचारतं. नुसतं ‘हो’ आलं तर ते बहुतेक वेळा आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं. मी विचारलं, “वाफा म्हणजे कुठला भाग, बोट ठेवून फोटो पाठव बरं.” तिने जाळीच्या रेषेवर बोट ठेवलं होतं. परिमिती आणि क्षेत्रफळ हे दोन्ही शब्द तिला पाठ होते, पण तिच्या लेखी ती दोन्ही कडेचीच नावं होती. माझं दोन मिनिटांचं बोलणं त्या दोन शब्दांवर उभं होतं.

तिच्या फोटोतल्या बोटाशेजारी मला आणखी एक गोष्ट दिसली. चित्रात वरच्या बाजूला विटांची भिंत होती. तिथे जाळी काढलेलीच नव्हती. मी मोठा करून फक्त मजकूर वाचला होता, चित्र पाहिलंच नव्हतं. म्हणजे माझं 25 हे उत्तरही चुकलेलं होतं.

मग मी तिला नव्याने सांगायला घेतलं, आणि या वेळी एका निरोपात एकच काम ठेवलं. “चौकटीची वही घे. वर लाल रेघ मार, ती भिंत.” ते झाल्याचा फोटो आला, मग पुढचं. “भिंतीपासून खाली 3 कडा पेन्सिलीने गिरव. मग आडव्या 14. मग वर 3, भिंतीपर्यंत. किती कडा झाल्या?” वीस. “आता आतल्या चौकटी मोज. तेवढी भाजी लावता येईल.” 42. तेवढ्याच कडांचा दुसरा वाफा, उभ्या 4 आणि आडव्या 12. 48. मग 5 आणि 10. 50. मी काही म्हणायच्या आत तिने स्वतःच 6 आणि 8 काढून पाहिला आणि तिचा आवाज आला, “बाई, परत 48 झालं! कमी झालं!”

क्षेत्रफळ हा शब्द मी तेव्हा सांगितला. आतल्या चौकटी मोजतो, त्या मोजणीचं हे नाव. सगळ्याला वीस-बावीस मिनिटं लागली, पण माझं एकही वाक्य आठ-दहा शब्दांपलीकडे गेलं नसेल.

भावाचा प्रश्न वेगळ्याच जागी अडला होता. त्याने भिंत पाहिली होती, A = x(20 − 2x) मांडलं होतं, डेरिव्हेटिव्ह 20 − 4x शून्य धरून x = 5 काढलं होतं. उत्तर बरोबर होतं. त्याने लिहिलं होतं, “मॅडम, शाळेत सांगितलं होतं की आयतांमध्ये चौरसच मोठा. मग इथे 5 आणि 10 कसं? माझं कुठे चुकलं?”

त्याला वहीत चौकटी मोजायला लावणं म्हणजे त्याचा प्रश्नच न ऐकणं झालं असतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, हेही सांगायची गरज नव्हती. त्याला चारच ओळी पाठवल्या:

A = ½ · (2x) · (20 − 2x)
2x म्हणजे उभी जाळी, 20 − 2x म्हणजे आडवी. दोन्हींची बेरीज कायम 20.
बेरीज ठरलेली असेल तर गुणाकार सर्वांत मोठा, दोन्ही समान असताना. म्हणून 10 आणि 10.
भिंत नसेल तेव्हाही निम्मी जाळी उभी, निम्मी आडवी. तिथे प्रत्येकी दोन बाजू असल्याने आयत चौरस होतो, इथे आडवी बाजू एकच आहे.

शिवाय एक अट घातली: x हा 0 आणि 10 यांच्या मधलाच, आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह −4, ऋण, म्हणून हे मोठ्यात मोठंच आहे. परीक्षेत ही ओळ सुटली की गुण जातो. हा सगळा मजकूर त्याने दोन मिनिटांत वाचला असेल. आपल्याला वाटतं की मोठ्याला जास्त सांगावं लागतं आणि लहानाला थोडक्यात भागतं. त्या दिवशी नेमकं उलटं झालं. मोठ्याच्या एकेका शब्दात अनेक वर्षांचं काम आधीच बांधलेलं होतं, धाकटीला ते काम हाताने करावं लागलं.

मला अस्वस्थ करणारा भाग वेगळा होता. ‘चौरस सगळ्यांत मोठा’ हे वाक्य भावाला कधीतरी लहानपणी सोपं म्हणून मिळालं होतं, आणि बारावीत तेच त्याच्या बरोबर उत्तराच्या आड आलं. तेच वाक्य मी त्याच्या बहिणीला अर्ध्या तासापूर्वी दिलं होतं. म्हणून तिला पुन्हा निरोप पाठवला, “मघाशी मी चौरस म्हणाले ते विसर, मी भिंत पाहिली नव्हती. 50 वाला वाफा बघ. उभ्या कडा किती? आडव्या किती?” तिने मोजून सांगितलं, “दहा. आणि दहा.” हे तिच्या शब्दांत बसतं, आणि तिला पुढे कधी पुसून टाकावं लागणार नाही.

कळलंय का हे पाहायला दोघांना आकडा बदलून दिला. धाकटीला 12 कडा आणि भिंत. तिने वही न काढताच सांगितलं, “खाली 3, आडव्या 6, परत वर 3. आत 18.” भावाला L मीटर जाळी दिली, त्याने L²/8 लिहून पाठवलं. 12 घातले की 18 येतात, हे त्याने बहिणीच्या उत्तराशी स्वतःच ताडून घेतलं.

रात्री साडेनऊला धाकटीचा आणखी एक निरोप आला. “बाई, वाफा गोल केला तर?”

प्रश्नात आयत म्हटलंय, म्हणून तो तिथेच संपवता आला असता. मी भावाला लिहिलं, भिंतीला टेकलेलं अर्धवर्तुळ घे, 20 मीटर म्हणजे कमानीची लांबी. त्याने त्रिज्या 20/π काढली आणि क्षेत्रफळ 200/π, म्हणजे 63 हून थोडं जास्त. धाकटीला सांगितलं, वाटीने अर्धा गोल काढ, आतल्या पूर्ण चौकटी मोज, आणि कापल्या गेलेल्या दोन-दोन मिळून एक धर. मग त्या गोलाच्या कडेवर दोरा ठेव, तेवढ्याच दोऱ्याचा चौकोनी वाफा भिंतीला लावून काढ, आणि त्याच्याही चौकटी मोज. तिने विचारलं, वाटी कुठली घेऊ, आमटीची की मोठी?