तुम्ही विचारलंत म्हणून: ३६ टक्के खरे की १ टक्का?

“सर, ॲटॉरव्हास्टॅटिनने हार्ट अटॅक ३६ टक्क्यांनी कमी होतात असं एकीकडे वाचतो. दुसरीकडे त्याच ट्रायलबद्दल ‘फायदा जेमतेम १ टक्का’ असं लिहिलेलं असतं. यातलं खरं कोणतं, आणि पेशंटला काय सांगायचं?”

दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच तक्त्यातून काढलेलं आहे. म्हणून आधी तो तक्ताच उघडू या.

ही ॲस्कॉट ट्रायलची लिपिडची शाखा, २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली. ४० ते ७९ वयाचे, रक्तदाब असलेले आणि त्याशिवाय हृदयरोगाचे किमान तीन धोके असलेले पेशंट तिच्यात घेतले होते. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेले मात्र घेतले नव्हते. निम्म्यांना ॲटॉरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, निम्म्यांना प्लासिबो. मुख्य परिणाम म्हणून जीवघेणा नसलेला हार्ट अटॅक किंवा कोरोनरी आजाराने मृत्यू मोजला. ट्रायल पाच वर्षं चालायची होती, पण फरक स्पष्ट दिसल्याने मध्यक ३.३ वर्षांवरच थांबवली.

प्लासिबो गटात ५१३७ जणांपैकी १५४ जणांना हा परिणाम झाला, म्हणजे ३.० टक्के. स्टॅटिन गटात ५१६८ पैकी १०० जणांना, म्हणजे १.९ टक्के. कच्चा माल एवढाच.

आता दोन गटांतला फरक घ्या. ३.०० मधून १.९४ वजा केले की १.०६ उरतात. ही ॲब्सोल्यूट रिस्क रिडक्शन. हाच १.०६ प्लासिबो गटाच्या ३.०० ने भागला की सुमारे ३५ टक्के येतात, ही रिलेटिव्ह रिस्क रिडक्शन. पेपरात ३६ छापलेत, कारण तिथे नुसती शेवटची मोजणी नाही, घटना कधी घडली तेही धरून हॅझर्ड रेशो काढलेला आहे आणि तो ०.६४ आला. म्हणजे ३६ आणि १ यांत अंश तोच आहे, छेद वेगळा आहे. पहिल्यात छेद ‘ज्यांना अटॅक येणारच होता ते’ आणि दुसऱ्यात ‘ज्यांनी गोळी घेतली ते सगळे’. पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा तो कोणत्या छेदातला हे त्यालाही माहीत नसतं आणि आपल्यालाही. म्हणून त्याच्यासमोर नुसता ३६ चा आकडा ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं, मग तो कितीही अचूक असो.

नंबर नीडेड टू ट्रीट, म्हणजे एनएनटी, हा त्याच १.०६ चा व्यस्त. १०० भागिले १.०६ म्हणजे सुमारे ९४. या प्रकारच्या ९४ जणांनी साधारण ३.३ वर्षं गोळी घेतली तर एकाचा कोरोनरी अटॅक किंवा मृत्यू त्या काळात टळतो. या वाक्यातला ‘३.३ वर्षं’ हा भाग गाळला की वाक्य निरर्थक होतं. केसशीटच्या कडेला ‘एनएनटी ९४’ एवढंच लिहिलेलं मी पाहतो, आणि दर वेळी विचारतो: किती वर्षांत, कशासाठी, कुणामध्ये?

शिवाय ९४ हा एकच ठाम आकडा नाही. याच संख्यांवरून ९५ टक्क्यांचा विश्वासांतर काढा. ॲब्सोल्यूट फरक साधारण ०.४६ ते १.६६ टक्के येतो, म्हणजे एनएनटी सुमारे ६० ते २१५ च्या दरम्यान कुठेही. त्यातच ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवली होती. फरक चांगला दिसत असताना थांबवलेल्या ट्रायलमध्ये परिणाम थोडा फुगलेला असण्याची शक्यता असते, हेही मनात ठेवा.

खरी गंमत दुसरी ट्रायल शेजारी ठेवल्यावर कळते. १९९४ ची फोर-एस ट्रायल घ्या. सिम्व्हास्टॅटिन, आणि पेशंट आधीच अंजायना किंवा हार्ट अटॅक झालेले, कोलेस्टेरॉल वाढलेलं, मध्यक ५.४ वर्षं. मोठ्या कोरोनरी घटना प्लासिबो गटात २२२३ पैकी ६२२, म्हणजे २८ टक्के. स्टॅटिन गटात २२२१ पैकी ४३१, म्हणजे १९.४ टक्के. छापलेली रिलेटिव्ह घट ३४ टक्के, ॲस्कॉटच्या ३६ च्या अगदी जवळ. पण ॲब्सोल्यूट फरक ८.६ आणि एनएनटी १२. जवळपास तेवढीच रिलेटिव्ह घट, आणि एकीकडे ९४, दुसरीकडे १२.

फरक कुठून आला? थोडा काळातून, कारण ५.४ वर्षं ही ३.३ पेक्षा जास्त आहेत. थोडा यातून, की दोन्हीकडे मोजलेल्या घटनांची व्याख्या हुबेहूब एक नाही. पण बहुतेक सगळा मूळ जोखमीतून. एका गटात गोळीशिवाय १०० पैकी ३ जणांना त्रास होणार होता, दुसऱ्यात २८ जणांना. स्टॅटिनची रिलेटिव्ह घट एलडीएल किती उतरलं यावर बरीचशी ठरते. अनेक ट्रायल्स एकत्र केलेल्या विश्लेषणात दर १ मिलिमोल प्रति लिटर घटीमागे रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं, आणि कमी जोखमीच्या लोकांतही ते प्रमाण फारसं बदललं नाही. म्हणून रिलेटिव्ह आकडा एका पेशंटवरून दुसऱ्यावर नेता येतो. एनएनटी नेता येत नाही. तो औषधाचा गुणधर्म नाही, औषध आणि पेशंट या जोडीचा आहे.

तेव्हा ट्रायलची एनएनटी तशीच उचलून समोरच्यावर लावू नका. आधी त्याची मूळ जोखीम काढा. समजा एका पेशंटची पुढच्या दहा वर्षांतली जोखीम २० टक्के आहे आणि रिलेटिव्ह घट आपण साधारण एक तृतीयांश धरली. जोखीम २० वरून १३ च्या आसपास येईल, फरक ६.७, म्हणजे दहा वर्षांत एनएनटी १५. दुसऱ्याची जोखीम ४ टक्के. ती २.७ वर येईल, फरक १.३, एनएनटी ७५. दोघांच्या हातात तीच गोळी, तोच डोस. पहिल्याला मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्यासोबत बसून ठरवेन, कारण रोज गोळी घेण्याचा आणि स्नायू दुखण्याच्या तक्रारीचा विचार तिथे खरोखर तराजूत येतो. आणि तोटा सांगताना मोजमाप तेच ठेवा. फायदा रिलेटिव्हमध्ये आणि तोटा ॲब्सोल्यूटमध्ये सांगितला की ऐकणाऱ्याचा निर्णय आपण आधीच घेऊन टाकलेला असतो.

पेशंटसमोर मी टक्केही टाळतो, माणसं मोजतो. ॲस्कॉटसारख्या पेशंटला असं सांगतो: “तुमच्यासारखे हजार जण असले आणि कुणीच गोळी घेतली नाही, तर सव्वातीन वर्षांत ३० जणांना अटॅक येईल. सगळ्यांनी घेतली तर १९ जणांना. म्हणजे ११ जणांचा टळेल. ९७० जणांना तसाही येणार नव्हता, आणि १९ जणांना गोळी घेऊनही येईल. तुम्ही यातले कोण, ते आधी कळत नाही.” बहुतेक जण यावर लगेच विचारतात की गोळी आणखी वर्षं घेतली तर काय. तो प्रश्न बरोबर आहे. तेव्हा सांगायचं की काळ वाढला की टळणाऱ्यांची संख्याही वाढत जाते, पण ट्रायल जिथे थांबली त्यापुढचा आकडा हा अंदाज असतो, मोजलेला नसतो.