महेश्वरीचा हिशेब, नोंद तिसरी: पाचवा दिवस कुठे लपतो?

मागच्या दोन नोंदींत सूत आणि मजुरी वेगवेगळी मोजली होती, आता दोन्ही एकत्र. साडी साधीच धरली आहे: रेशमी ताणा, सुती बाणा, काठाला थोडी जर. दर उदाहरणापुरते आहेत. आपापल्या बाजारचे घालून पाहा.

ताण्यात ३,६०० धागे, प्रत्येकी साडेसहा मीटर, म्हणजे २३,४०० मीटर. दोन पदरी रेशीम साधारण ४२ डेनियरचं, म्हणजे ९,००० मीटरला ४२ ग्रॅम. म्हणून ताण्याला सुमारे ११० ग्रॅम. बाण्याला ८० नंबरचं सूत साधारण १५५ ग्रॅम. रेशीम ७,००० रुपये किलो धरलं तर ७७०, सूत १,००० रुपये किलोने १५५, जर ३००, रंगाई १६०. एकूण १,३८५ रुपये.

इथे एक चूक हमखास होते: तयार साडी तोलून रेशमाचा खर्च काढणं. रंगण्याआधी डिंक काढला असेल तर रेशमाचं वजन पाव हिश्शापर्यंत घटतं. पैसे मात्र कच्च्या ११० ग्रॅमचे मोजलेले असतात.

आता मजुरी. मागावर चार दिवस, हे सगळेच सांगतात. पण धोट्यातल्या कांड्या कोण भरतं? बहुतेक घरातलंच माणूस. रोज दीड तास, म्हणजे चार दिवसांत सहा तास, पाऊण दिवस. शिवाय ताणा लावायला एक दिवस आणि नवे धागे जुन्यांना एकेक जोडायला दोन. ताणा बारा साड्यांचा असेल, तर दर साडीमागे पाव दिवस. असे पाच दिवस भरतात. रोज ७०० धरले तर ३,५०० रुपये. साडी ४,८८५ ला पडली. यात मागाची झीज, दुकानाचं भाडं, नफा काहीच नाही. साडीमागे २,००० रुपये मजुरी मिळते असं कोणी सांगितलं, तर ते रोजचे ५०० नसून ४०० आहेत.

महेश्वरच्या राजवाड्याजवळच्या दुकानात ‘माझ्याच रंगाची एकच साडी विणून द्या’ म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं. ताणा एकाच साडीचा असला तरी धागे ३,६०० च, म्हणून जोडणीचे दोन दिवस तेवढेच राहतात. ताणा लावणं फार तर अर्ध्या दिवसावर येतं. पाव दिवसाच्या जागी अडीच दिवस, म्हणजे १,५७५ रुपये जास्त. साडी गेली ६,४६० वर. रंगारी छोट्या घाण्यालाही बहुधा पूर्ण घाण्याचेच पैसे घेतो, ते वेगळे.

बाण्याचं सूत मात्र दहा टक्के जास्तच रंगवून घ्यावं. कमी पडून दुसऱ्या घाण्यातलं वापरलं, तर जिथे कांडी बदलली तिथून साडीभर आडवा पट्टा दिसतो, आणि उजेडात धरल्यावर तो लपत नाही. १५५ ग्रॅमवर दहा टक्के म्हणजे १५-१६ ग्रॅम, रंगाईसकट पंचवीस रुपयांच्या आसपास. पुढच्या नोंदीत पदरावरच्या बुट्ट्या मोजू. त्यात दिवस झपाट्याने वाढतात.