एफडीच्या फॉर्मवरचा एक रकाना: साधं व्याज की चक्रवाढ

भाचीला कोथरूडमध्ये पहिली मुदत ठेव उघडायची होती, म्हणून तिच्यासोबत बँकेत गेलो. रक्कम एक लाख, मुदत पाच वर्षं, दर ७ टक्के. नाव, पॅन, नॉमिनी हे सगळं भरून झालं. मग तो रकाना आला ज्यावर खरं गणित ठरतं: व्याज दर तिमाहीला हवं की मुदतीअखेर? "तिमाही ठेवू ना मामा, खात्यात काहीतरी येत राहील," असं तिचं म्हणणं. पेन्शनवर घर चालवणाऱ्यासाठी ते बरोबरच आहे. पण जिला ते पैसे लागणारच नाहीत, तिने ही खूण केली की ठेव साध्या व्याजाची होते.

का, ते पाहू. तिमाही पर्यायात दर तीन महिन्यांनी १,७५० रुपये बचत खात्यात पडतात. मुद्दल कायम एक लाखच राहतं, म्हणून पुढचा हप्ताही १,७५०. पाच वर्षांत ३५,००० झाले. मुदतीअखेरच्या पर्यायात, म्हणजे बँकेच्या भाषेत क्युम्युलेटिव्हमध्ये, पहिले १,७५० मुद्दलात मिसळतात. दुसऱ्या तिमाहीचं व्याज १,०१,७५० वर लागतं आणि १,७८१ होतं. शेवटच्या, विसाव्या तिमाहीत ते २,४३३ वर पोचलेलं असतं. एक्सेलमध्ये असं तपासता येतं:

```
=100000*(1+7%/4)^20
```

उत्तर १,४१,४७८. पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम एवढी छापली असेल तर ठेव चक्रवाढीची, नुसती १,००,००० असेल तर साध्या व्याजाची. काउंटर सोडण्याआधी हा आकडा बघावाच. जाहिरातीत याच ठेवीचा 'परतावा ८.३० टक्के' असं लिहिलेलं दिसतं, त्याला भुलू नये. ४१,४७८ ला सरळ पाचाने भागून तो आकडा काढलेला असतो. वर्षाचा खरा परतावा जेमतेम ७.१९ टक्के.

आता भाचीने रास्त प्रश्न विचारला. पाच वर्षांत साडेसहा हजारांचा फरक, त्यासाठी एवढी धडपड कशाला? पाच वर्षांत तो किरकोळच दिसतो. मुदत लांबली की चित्र पालटतं. पंचविसाव्या वर्षी ठेवलेले ५०,००० रुपये साठीपर्यंत ३५ वर्षं राहतात, पस्तिसाव्या वर्षी ठेवलेले २५ वर्षं. साध्या व्याजाने, ७ टक्क्यांनी, पहिल्याचे १,७२,५०० होतात आणि दुसऱ्याचे १,३७,५००. म्हणजे दहा वर्षांच्या उशिराची किंमत ३५,०००. वर्षातून एकदा चक्रवाढ धरली तर पहिल्याचे ५,३३,८२९ आणि दुसऱ्याचे २,७१,३७२. तोच उशीर आता २,६२,४५७ रुपयांना पडतो. लवकर सुरुवात करण्याचा मोठा फायदा चक्रवाढीतच मिळतो, कारण आधी सुरू केलं की शेवटची दहा वर्षं वाट्याला येतात आणि सगळ्यात जास्त व्याज त्याच वर्षांत पडतं.

हे ३५ वर्षांचं गणित प्रत्यक्षात मोडतं ते नूतनीकरणाच्या वेळी. ठेव तर पाच वर्षांनी संपते. फॉर्मवर खाली 'मुदत संपल्यावर काय करायचं' असा आणखी एक रकाना असतो, आणि घाईत तो कोणी वाचत नाही. तिथे 'फक्त मुद्दल' निवडलं की ४१,४७८ रुपये बचत खात्यात येऊन पडतात आणि पुढच्या पाच वर्षांची सुरुवात पुन्हा एक लाखापासून होते. 'मुद्दल अधिक व्याज' हा पर्याय निवडायचा.

दुसरी गळती कराची. क्युम्युलेटिव्ह ठेवीत पैसे हातात येत नाहीत, तरी सहसा व्याज वर्षागणिक उत्पन्नात धरलं जातं. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि तो कर ठेवीतूनच जात असेल तर ७ चे ५.६ टक्के उरतात. मग वरच्या ५,३३,८२९ चे साधारण ३ लाख ३७ हजारच होतात.

म्हणून लांबच्या पल्ल्यासाठी भाचीला पोस्टात पीपीएफही उघडायला सांगितलं. तिथलं व्याज करमुक्त, एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के, मुदत १५ वर्षं आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दर मात्र सरकार तिमाहीला ठरवतं, तो बदलू शकतो. इथे तारीख सांभाळावी लागते. ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं. ५०,००० रुपये ५ एप्रिलपर्यंत भरले तर पूर्ण वर्षाचं व्याज. ६ तारखेला भरले तर एप्रिलचे २९६ रुपये गेले. चेक द्यायचा असेल तर तो वटायला लागणारे दिवस धरून आधीच टाकावा.